लिहायचं मोलोको, ऐकायचं मलाको

रशियन भाषेत दुधाला जो शब्द आहे तो अक्षराला अक्षर लावून वाचला तर 'मोलोको' होतो. त्यात तीन ओ आहेत. पण कुणा रशियन माणसाच्या तोंडून तो ऐका, 'मलाको' असं ऐकू येईल. तीनपैकी शेवटचा एकच ओ खरा निघतो, बाकीचे दोन आवाज बदलून बसलेले असतात. 'छान, ठीक आहे' या अर्थाचा शब्द लिहिताना 'ख़ोरोशो' आणि बोलताना 'ख़राशो'. पाणी लिहिताना 'वोदा' आणि बोलताना 'वादा'. आम्हा उर्दूवाल्यांना हा शेवटचा शब्द फार आवडला. रशियात कुणी वादा करतो म्हणाला तर समजावं, पाणी आणून देतोय.

माझी भाची डॉक्टरकी शिकायला कझानला आहे. आपल्या मराठवाड्यातून रशियाला जाणारी मुलं आता काही कमी नाहीत, त्यामुळे हा विषय पुष्कळ घरांतला आहे. शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षापासून खाटेजवळ उभं राहून विचारावं लागतं, ऐकावं लागतं, लिहून घ्यावं लागतं. पहिल्याच हिवाळ्यात तिचा गंगाखेडला फोन आला, "मामू, मैं सुनतूं वो लफ़्ज़ डिक्शनरी में हैच नै." तिनं 'बालीत' ऐकलं होतं आणि डिक्शनरीत ब-आ खाली शोधत होती. शब्द होता ब-ओ खाली, 'बोलित'. अर्थ, 'दुखतंय'. डॉक्टर होणाऱ्या पोरीला जो शब्द सगळ्यात आधी लागणार तोच तिला सापडत नव्हता. तेव्हापासून तिच्याबरोबर मीही या भाषेच्या मागे लागलो, आणि दोन भाषांचं शुद्धलेखन शिकवण्यात आयुष्य घालवल्यामुळे माझं लक्ष सगळ्यात जास्त या ओ-वर खिळलं.

पुढं मी प्रत्येक रशियन शब्द दोन तऱ्हेनं लिहीन. जसा अक्षरात आहे तो 'अक्षरी' आणि जसा कानावर पडतो तो 'कानी'. रशियन लिपी वेगळी आहे, पण या कामाला आपली देवनागरी पुरते. खरं तर ती रशियनांच्या लिपीपेक्षाही जास्त उपयोगी पडते, ते का ते लगेच सांगतो.

नियम असा आहे. रशियन शब्दात एकाच स्वरावर जोर असतो, व्याकरणात त्याला आघात म्हणतात. ओ-वर जोर असेल तर तो ओ राहतो. जोर नसेल तर ओ-चा ओ राहत नाही. जोराच्या लगेच आधीचा ओ, किंवा शब्दाच्या अगदी सुरुवातीला आलेला ओ, आखूड आ-सारखा होतो. इतर कुठेही असला, म्हणजे आणखी मागे किंवा जोराच्या नंतर, तर तो अ होतो, आपला साधा 'अ', कमळातल्या क-मध्ये असतो तो. मोलोकोमध्ये जोर शेवटच्या को-वर आहे. त्याच्या लगेच आधीचा लो झाला ला, आणि त्याच्याही आधीचा मो झाला म. म-ला-को.

आता गंमत बघा. इंग्रज किंवा जर्मन विद्यार्थ्याला हा 'ला' आणि 'म' मधला फरक समजावताना शिक्षकाला खुणांची चित्रं काढावी लागतात. आपल्याकडे अ आणि आ ही दोन वेगळी अक्षरं बाराखडीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. 'मलाको' लिहिलं की तो उच्चार जवळजवळ जसाच्या तसा उतरला. फक्त एक जपायचं. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, 'घर'मधला र अर्धाच म्हणतो. रशियन तसं करत नाही. 'दुखतंय का?' असं डॉक्टर विचारतो तेव्हा अक्षरी शब्द 'बोल्नो' आणि कानी 'बोल्न', पण हा शेवटचा न 'रत्न' किंवा 'प्रश्न' यातल्यासारखा पूर्ण म्हणायचा.

आणि अडचणीचं मूळ इथं आहे: जोर नसलेलं आ हे अक्षरसुद्धा अगदी असंच वागतं. तेही आखूड होतं, तेही अ होतं. म्हणजे कानावर आखूड आ किंवा अ आला की त्याच्या मागे ओ लपला आहे का आ, हे कान सांगू शकत नाही. कितीही तीक्ष्ण कान असला तरी नाही, कारण आवाजात फरक उरलेलाच नसतो. नवशिके इथं स्वतःला दोष देतात, पुन्हापुन्हा रेकॉर्डिंग लावतात. व्यर्थ आहे ते.

मग रशियन पोरं शाळेत काय करतात? ती शब्दाचे नातेवाईक शोधतात. नियम एका ओळीचा आहे: ज्या स्वराची शंका आहे त्यावर जोर येईल असा त्याच घरातला दुसरा शब्द आठवायचा. तिथं जे ऐकू येईल ते इथं लिहायचं. भाचीचा 'बालीत' घेऊ. हे कुठल्या घरातलं? वेदनेला रशियनमध्ये 'बोल' म्हणतात, शेवटचा ल जरा मऊ, ल्य-कडे झुकणारा. एकच स्वर, म्हणजे जोर त्याच्यावरच, आणि ओ स्पष्ट. झालं, आता या घरातल्या सगळ्यांच्या अंगावर ओ-च असणार. 'दुखतंय' अक्षरी बोलित, कानी बालीत. 'रुग्ण' अक्षरी बोल्नोय, कानी बाल्नोय. 'इस्पितळ' अक्षरी बोल्नित्सा, कानी बाल्नीत्स. चारही शब्द इस्पितळाच्या दारातच भेटणारे, चारही लिहिताना बोल-नं सुरू होणारे, आणि ऐकताना त्यातला फक्त एक बोल-नं सुरू होतो.

याच घरात कानाची एक फसगतही आहे. 'दुखतंय का?' हे बोल्न, आणि 'रुग्ण' हे बाल्नोय. कागदावर दोन्हींत फरक केवळ शेवटच्या अक्षराचा आहे, बोल्नो आणि बोल्नोय. डोळ्यानं बघणाऱ्याला ते जुळे भाऊ वाटतात. कानाला मात्र दोघांचं तोंड वेगळं, शेपूट वेगळं, कारण जोर एकात पुढे आहे आणि दुसऱ्यात मागे. भाचीनं पुस्तकातून पाठ केलं होतं, डोळ्यानं. वॉर्डात एक बाई दोन्ही शब्द एका दमात बोलून गेली आणि हिला दोन्ही अनोळखी वाटले, जरी दोन्ही पाठ होते.

आता एक पूर्ण वाक्य करू. पेशंट म्हणतो, 'माझं डोकं दुखतंय.' कानी: ऊ मिन्या बालीत गलावा. 'ऊ मिन्या' म्हणजे माझ्याकडे, ते राहू द्या, तिथं ए-चा इ होतो, ती वेगळी कहाणी आहे. 'बालीत'चा निकाल लागला. राहिला 'गलावा', डोकं. जोर शेवटच्या वा-वर, तो पक्का, तिथं आ-च लिहायचा. पण ग-मध्ये काय आणि ला-मध्ये काय? चार शक्यता होतात: गोलोवा, गोलावा, गालोवा, गालावा. कानी चारही सारखेच. दोन स्वरांची शंका आहे, म्हणून दोन साक्षीदार लागतील. 'डोक्याला' अशा अर्थी कर्माचं रूप केलं की जोर उडी मारून पहिल्या स्वरावर जातो: कानी 'गोलवु'. पहिला ओ मिळाला. लहान डोक्याला, किंवा हाडाच्या गोल टोकाला जो शब्द आहे, आणि तो शरीररचनेच्या तासाला रोज येतो, त्यात जोर मधल्या स्वरावर बसतो: कानी 'गालोफ़्क'. दुसरा ओ मिळाला. म्हणून अक्षरी गोलोवा. तीन रूपं, गलावा, गोलवु, गालोफ़्क, आणि लिहिताना तिन्हींची सुरुवात एकच, ग-ओ-ल-ओ-व. व-चा फ़ का झाला, तर पुढे कठोर क आला म्हणून. तेही लिहिण्यात दाखवत नाहीत.

तिच्या वहीत 'गलावा' आणि 'गोलवु' हे दोन वेगवेगळे शब्द म्हणून दोन पानांवर लिहिलेले मला दिसले. एकापुढे डोकं, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. यावरून मला वाटतं की शुद्धलेखनापेक्षा ऐकण्यातली अडचण मोठी आहे. लिहिताना विचाराला वेळ मिळतो. ऐकताना शब्द कपडे बदलून येतो आणि ओळख पटायच्या आत निघून जातो. आमचा उपाय साधा होता. नाम पाठ करताना एकटं करायचं नाही, जोर सरकवणाऱ्या एका भावंडासकट करायचं, मोठ्यानं, आणि डोळे मिटून. गलावा-गोलवु. वादा-वोदु. डॉक्टर एक असेल तर दोक्तर, अनेक असतील तर दक्तारा. शहर एक असेल तर गोरत, अनेक असतील तर गरादा. नवीन शब्द अशा जोडीनं तोंडात बसला की कान दोन्ही चेहऱ्यांना एकाच नावानं ओळखायला लागतो.

पण जोर आहे कुठं हेच ऐकू आलं नाही तर? हा खास आपला प्रश्न आहे. मराठीत आघात हलका असतो आणि त्यानं अर्थ फारसा बदलत नाही, उर्दूतही तसंच. त्यामुळे आपण त्याच्याकडे कान देत नाही. मात्र ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला कळतं, निदान कळायला हवं, नाहीतर आमच्या वर्गात लाल शाई पडते. रशियन जोरदार स्वर नुसता जोरात नसतो, तो लांब असतो आणि स्वच्छ असतो. म्हणून मी तिला सांगितलं, जोर शोधू नकोस, दीर्घ शोध. ऐकलेलं वाक्य आधी देवनागरीत उतरव, जिथं लांबण वाटेल तिथं खाली रेघ मार. रेघ मारलेला स्वर खात्रीचा. रेघ नसलेल्या प्रत्येक अ-आ वर पेन्सिलीनं टिंब दे, तो संशयित. मग संशयितांचे नातेवाईक शोध. रशियन छापील पुस्तकात जोराची खूण फक्त लहान मुलांसाठी आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी देतात. वर्तमानपत्रात, औषधाच्या डबीवर, पेशंटच्या कागदावर ती नसते. म्हणून ही रेघ स्वतः मारायची सवय आधीपासून लागलेली बरी.

ही नातेवाईक शोधायची रीत आपल्या उर्दूच्या वर्गात जुनीच आहे. ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ो, चार अक्षरं आणि आपल्या तोंडी आवाज एकच. पोरगं विचारतं, सर, 'महफ़ूज़' कुठल्या ज़-नं? आपण सांगतो, अरे, हाफ़िज़ साहेबांना विचार. हाफ़िज़, हिफ़ाज़त, महफ़ूज़, एकच घर, ज़ो-चं. 'मरीज़' लिहिताना अडला तर 'मरज़' आठव, ज़ाद-चं घर. आवाज गेला तरी घराण्याची खूण अक्षरात टिकून राहते. फरक इतकाच की आपल्या बोलण्यात ते चार आवाज पुन्हा कधीच वेगळे होत नाहीत, ते ऐकायला तजवीदनं क़ुरआन पढणाऱ्या क़ारीकडे जावं लागतं. रशियनचा हरवलेला ओ मात्र त्याच माणसाच्या तोंडून पुढच्याच वाक्यात परत येतो, जोर सरकला की.

मराठी याच्या उलट वागते. आपण 'फूल' दीर्घ लिहितो आणि 'फुलाला' ऱ्हस्व, 'विहीर' दीर्घ आणि 'विहिरीत' ऱ्हस्व. आवाज बदलला की अक्षर बदलायचं. रशियनची सख्खी शेजारीण बेलारूसी हेच करते. तिथं दूध लिहितानाच 'मालाको', पाणी 'वादा', डोकं 'गालावा', आणि मॉस्को शहर 'मास्क्वा'. ऐकलं तसं लिहिलं, डोक्याला ताप नाही. पण त्या बदल्यात एकाच शब्दाच्या दोन रूपांची अक्षरं वेगळी होतात, जशी फूल-फुलाची होतात, आणि कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ याच्या नियमांवर आपण पिढ्यान्पिढ्या भांडतो. कोणतीही रीत फुकट मिळत नाही असं माझं मत आहे. रशियन रीतीत शिकणारा रडतो आणि वाचणारा सुखी असतो.

रशियननं ओ टिकवला कारण लिहिण्याची परंपरा आधीची आहे आणि ओ-चा आ करण्याची सवय नंतर पसरली. मॉस्कोकडच्या हस्तलिखितांत चौदाव्या शतकापासून ओ-च्या जागी चुकून आ लिहिलेला सापडू लागतो. चूकच ती, पण आज तीच सांगते की लेखनिक काय ऐकत होता. अठराव्या शतकात लोमोनोसोव यांनी रशियनचं व्याकरण लिहिलं. ते स्वतः दूर उत्तरेच्या अर्खांगेल्स्क भागातले, जिथं ओ-चा ओ-च म्हणतात. तरी त्यांनी कौल मॉस्कोच्या बोलीला दिला आणि जोर नसलेला ओ आ-सारखा म्हणणं कानाला जास्त गोड लागतं असं नोंदवलं. गोडवा बोलण्यात घेतला, लिहिणं मात्र जुनंच ठेवलं.

इथं आपल्या भागाची एक आठवण. पंधराव्या शतकात त्वेर शहराचा एक व्यापारी चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला होता, बहामनी सुलतानांच्या राज्यात, म्हणजे आपल्या शेजारातच. आज पुस्तकांत त्याचं नाव आ-नं लिहितात, अफानासी निकितीन. जुन्या रशियन बखरीत, जिथं त्याची प्रवासवही उतरवून घेतली आहे, तिथं नाव ओ-नं आहे, ओफोनास. आजचा मॉस्कोकर दोन्ही वाचेल तर तोंडून सुरुवातीला आ-च निघेल.

नातेवाईकांचा नियम कळला की नवशिका एका दुसऱ्या खड्ड्यात पडतो. जिकडेतिकडे ओ लिहायला लागतो. भाचीनं पुढच्या महिन्यात पेल्याला 'स्तोकान' लिहिलं, पेन्सिलीला 'कोरांदाश', आणि धन्यवादाला 'स्पोसिबो'. खरे शब्द स्ताकान, कारांदाश, स्पासिबो. या शब्दांना संशयित स्वरावर जोर देणारा सोयीचा नातेवाईक सहज सापडत नाही. रशियन शाळेतही असे शब्द वेगळ्या यादीत घालून पाठ करायला लावतात. कुत्रा अक्षरी 'सोबाका', गाय अक्षरी 'कोरोवा', दोन्हीतला पहिला ओ कुणीच सिद्ध करून देत नाही. दुधाचंही तसंच. 'दुधाचा' या अर्थाच्या शब्दात मधल्या लो-वर जोर येतो, तो ओ पक्का होतो, पण पहिला मो कायमचा पाठच करायचा.

मात्र अशा यादीत आपल्याला एक हात मदतीचा मिळतो, जो रशियन पोरांना मिळत नाही. रशियनमध्ये तुर्की लोकांकडून आलेले पुष्कळ शब्द आहेत आणि त्यातले बरेच मुळात अरबी-फ़ारसी, म्हणजे आपल्या ओळखीचे. बाज़ार तिथंही 'बाज़ार', पहिल्या आ-वर जोर नाही, कान शंका घेईल, पण उर्दू येणारा 'बोज़ार' कधी लिहिणार नाही. सरकारी तिजोरीला 'काज़्ना', तो आपला ख़ज़ाना. डॉक्टरचा पांढरा कोट म्हणजे 'ख़ालात', तो ख़िलअत. बादशाहानं सरदाराला घातलेली ख़िलअत कझानच्या वॉर्डात खुंटीला टांगलेली असते, आणि त्यात ओ नाही हे आपल्याला सांगावं लागत नाही. वैद्यकीचे लॅटिन शब्द असतील तर इंग्रजी पुस्तक साक्ष देतं. शस्त्रक्रियेचा रशियन शब्द कानी 'आपिरात्सिय' असा काहीसा येतो, पण ऑपरेशन आठवा, पहिलं अक्षर ओ.

याच न्यायानं दोन शहरं शेजारी ठेवा. कानी 'मास्क्वा' आणि कानी 'काज़ान', सुरुवातीचा स्वर अगदी एक. पहिल्यात ओ लिहितात, दुसऱ्यात आ. आपण मराठीत 'मॉस्को' म्हणतो ते इंग्रजीतून आलं. अण्णाभाऊ साठे 1961 साली रशियाला गेले, त्या काळापासून आजपर्यंत मराठी छापखान्यात मॉस्कोच आहे. उच्चार म्हणून तो रशियनांना परका, पण शुद्धलेखनाची आठवण म्हणून पक्का. टॉल्स्टॉयचंही तेच. रशियन त्यांना तल्स्तोय-तालस्तोयच्या मधलं काहीतरी म्हणतात, अक्षरात दोन्हीकडे ओ. मराठीत आता 'तालस्तोय' लिहा असा हट्ट मी धरणार नाही. गोर्कींचा ओ मात्र जोराचा, म्हणून तो आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारखाच.

नातेवाईकांचा नियमही काही ठिकाणी हात वर करतो. उन्हानं रापण्याला जे नाम आहे त्यात जोर असलेला स्वच्छ आ ऐकू येतो, 'ज़ागार'. मग 'रापणे' हे क्रियापद आ-नं लिहावं ना? नाही, ते ओ-नं, 'ज़ागोरेत'. जुन्या काळी मुळातच आ आणि ओ आलटून-पालटून येणारी ही थोडी घराणी आहेत, त्यांचे नियम वेगळे पाठ करायचे. वॉर्डात भेटणारं घराणं वाढीचं आहे. पेशंटच्या कागदावर 'उंची' म्हणजे 'रोस्त', ओ-वर जोर, स्पष्ट. त्यावरून 'वाढणे' हे ओ-नं लिहायला जाल तर चुकेल, ते 'रास्ति', आ-नं. भाची यावर चिडली होती. मी म्हटलं, आमच्याकडंही व्याकरणाच्या पुस्तकात नियमांपेक्षा अपवादांची पानं जास्त आहेत, तिथं चिडत नव्हतीस.

आणि काही जोड्या अशा की सगळे नियम लावूनही कान हरतोच. बैल अनेक असले तर अक्षरी 'वोली', मातीचे बांध किंवा लाटा अनेक असल्या तर 'वाली', कानी दोन्ही 'वाली'. आपल्या पोळ्याच्या दिवशी रशियन माणूस बैलांबद्दल बोलतोय का गोदावरीच्या बांधाबद्दल, ते पुढच्या शब्दावरूनच कळणार. अशा जोड्या थोड्या आहेत. रशियन माणूसही संदर्भावरूनच ओळखतो, त्यामुळे तिथं नवशिक्यानं लाजायचं कारण नाही.

नियम न पाळणारेही शब्द आहेत. रेडिओ 'रादिओ' आणि कोको 'काकाओ', यांचा शेवटचा ओ जोर नसून ओ-च राहतो, परक्या भाषेतून आले म्हणून. आणि नियम न पाळणारी माणसं तर कितीतरी आहेत. उत्तरेकडं वोलोग्दा, व्यात्का आणि वोल्गाच्या वरच्या काठाला जुनी बोली बोलणारे ओ-चा ओ-च म्हणतात. ज्यांची 'आई' मराठीत वाचली गेली ते गोर्की निज़्नी नोवगोरोदचे, आणि त्यांच्या बोलण्यातला हा गोल ओ प्रसिद्ध होता. शहरात शिकलेले लोक अशा बोलीला गावठी समजतात, जसं पुण्याकडं आपल्या मराठवाडी बोलीला समजतात.

तिसऱ्या वर्षी भाचीच्या वॉर्डात व्यात्काकडच्या खेड्यातली एक म्हातारी आली. तिच्याबरोबरच्या रशियन मुली तोंडाला हात लावून हसत होत्या. म्हातारी 'गलावा' म्हणत नव्हती, 'गोलोवा' म्हणत होती, 'मलाको' नव्हे, 'मोलोको', प्रत्येक ओ गोल, भरलेला, जसा कागदावर असतो तसा. भाचीनं तिची सगळी हकीकत एकटीनं लिहून घेतली, टिंब न देता, एकाही शब्दाला डिक्शनरी न उघडता.